मदत हवी आहे: कॅनडा आणि जर्मनीसाठी वेगवेगळा बायोडाटा

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ वाळूज एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर आहे. आता तो कॅनडा आणि जर्मनीत अर्ज करतोय. त्याचा बायोडाटा चार पानी आहे. वर पासपोर्ट फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही.

कॅनडासाठी यातलं सगळं काढलं, कारण भेदभावाचा आरोप नको म्हणून तिथले मालक फोटो, वय, धर्म बघायचंच टाळतात. दोन पानं ठेवली, ताजी नोकरी वर घेतली. 'तपासणीचे काम पाहिले' याऐवजी कोणते पार्ट, कोणतं मोजमाप यंत्र, रिजेक्शन किती घटलं, असं लिहिलं. हे मला फार पटलं.

अडलंय जर्मनीपाशी. तिथे फोटो सक्तीचा नाही, पण लावायची पद्धत अजून आहे. जन्मतारीखही बरेच जण देतात. शिवाय महिना-वर्षासह सलग तक्ता लागतो. मधले आठ महिने तो जालन्याला घरची शेती बघत होता. ते स्पष्ट लिहावं ना? आणि फोटो स्टुडिओत नीट काढून लावावा की वगळावा? तिकडे इंजिनिअरिंगमध्ये लागलेल्यांनी कृपया सांगा.