बिझनेस प्लॅन स्पर्धा: परीक्षक कुठे बोट ठेवतात? अनुभव लिहा

मृण्मयी_सांगली
भाचीच्या टीमने काल रात्री प्रेझेंटेशन पाठवलं, नाचणीच्या बिस्किटांचा धंदा. ते बघताना मी परीक्षक म्हणून ऐकलेले कितीतरी प्लॅन आठवले. बहुतेक मुलं एकाच जागी अडकतात.

यांचा हिशेब असा: पाकीट १०० रुपये, कच्चा माल ४२, म्हणून नफा ५८. जागेचं भाडं, वीज, मदतनीस मिळून महिन्याला १८,०००. म्हणजे साधारण ३१० पाकिटं विकली की खर्च निघाला.

पण १०० रुपये हातात पडतात कुठे? दुकानदार २५ ठेवून घेतो असं धरा. उरलेल्या ७५ मधून माल ४२, पाकीट-लेबल ८, पोचवायला ६, तुटलेल्या आणि परत आलेल्या मालाचे ४. उरले १५. आता १८,००० भागिले १५ करा: महिन्याला १२०० पाकिटं, रोजची ४०. ३१० कुठे आणि १२०० कुठे! परीक्षकाला हे बसल्या जागी दिसतं.

तुम्ही भाग घेतला असेल किंवा परीक्षक असाल तर लिहा, तिला वाचायला देणार आहे.

रोहित_के
ताई, हिशेब नंतर, आधी कल्पना नवी हवी. नाचणी बिस्किटं आता गल्लोगल्ली मिळतात. आणि मार्केट मोठं दाखवायला सांगा. देशातल्या बिस्किटांच्या बाजाराचा नुसता १ टक्का धरला तरी आकडा केवढा होतो!

मृण्मयी_सांगली
नावीन्याला गुण असतात, बरोबर. पण "१ टक्का" म्हटलं की मी विचारते, त्यातलं पहिलं गिऱ्हाईक कोण? खालून मोजत या. विश्रामबागेतली १० दुकानं, प्रत्येकात रोज ४ पाकिटं, झाली ४०. मग दोन दुकानांत पंधरा दिवस माल ठेवून ४ खरंच खपतात का ते बघा. २ च खपली तर २० दुकानं लागतील आणि पोचवायचा खर्च ६ वर राहणार नाही.

सुमनमावशी
बिस्किटं तुटतात कारण नाचणीला चिकटपणा नसतो. थोडी कणीक घाला म्हणावं. मी चौथा भाग घालते, डब्यात आठवडाभर अख्खी राहतात.

डॉ_अश्विनी
मावशी, मग पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" लिहिता येणार नाही, उलट गहू आहे असं छापावं लागेल. त्यांच्या स्लाइडवर ग्लुटेनमुक्त असेल तर आधी ते बघा.

नाना_होलसेल
वीस वर्षं दुकानांना माल घालतोय. उधारीचं कुणीच बोललं नाही. नवीन मालाला दुकानदार रोख देत नाही, महिन्याने देतो. १२०० पाकिटांवर तुमचे प्रत्येकी ६० गेले, ७२,०००. वर १८,०००. म्हणजे ९०,००० घातले आणि गल्ला रिकामा. पोरांनी भांडवल ५०,००० लिहिलं असेल तर पहिला महिना संपायच्या आत पीठ आणायला पैसे नाहीत. कागदावर मात्र तोटा कुठेच दिसत नाही. महिनावार पैसे कधी आले, कधी गेले याचा तक्ता मागा त्यांच्याकडे.

मृण्मयी_सांगली
नाना, हे सोन्यासारखं. तक्ता नव्हताच, आजच करायला सांगते.

संतोष_जत
मुद्रा कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो तो असाच का? शेळीपालन करायचंय.

नाना_होलसेल
संतोषभाऊ, बँक हप्ता फिटेल का ते बघते, तुमचा विषय वेगळा. नवीन धागा काढा, मी लिहितो तिथे.

ऋतुजा_एमबीए
गेल्या वर्षी आमच्या फायनलला एका टीमने गूगल फॉर्म दाखवला, "विकत घ्याल का?" ला जवळजवळ सगळे हो. परीक्षकांनी विचारलं, पैसे किती जणांनी दिले? सगळे गप्प. जिंकलेल्या टीमकडे वहीच होती, कोणी कधी घेतलं आणि पुन्हा कोण आलं. पुन्हा आलेल्यांची पानं परीक्षकांनी स्वतः उलटून पाहिली.

रोहित_के
हे पटलं. पण मुलं स्वतः भाजणार, मग त्यांचा पगार धरायचा का? आमच्या वेळी एक सर म्हणाले होते, पहिल्या वर्षी नको.

मृण्मयी_सांगली
मी धरायला लावते. परीक्षा आली की भाजणार कोण? माणूस ठेवावाच लागेल आणि १५ चे ९-१० होतील.

ऋतुजा_एमबीए
मला सरांचं पटतं. स्पर्धेच्या प्लॅनमध्ये पगार टाकला तर कुठलाच छोटा धंदा उभा राहिलेला दिसणार नाही. वेगळ्या ओळीत दाखवावा फार तर.

सुमनमावशी
अश्विनी, कणकेऐवजी तांदळाचं पीठ चालेल का गं? उद्या करून बघते.