‘इमॅजिन्ड कम्युनिटी’ला मराठीत काय म्हणावे?

फोंड्याची शिक्षिका
बारावीच्या मुलांसाठी राष्ट्रवादावर मराठीत टिपण लिहिते आहे. बेनेडिक्ट अँडरसनने १९८३ मध्ये मांडलेली ‘इमॅजिन्ड कम्युनिटी’, म्हणजे एकमेकांना कधीच न भेटणाऱ्या माणसांनी मनात धरलेला समुदाय, त्यात हवीच, आणि तिथेच घोडे अडले आहे. ‘काल्पनिक समुदाय’ लिहिले तर एका मुलाने विचारले, “टीचर, म्हणजे देश खरा नाही?” ‘कल्पित’ लिहूनही सुटका नाही, कारण सिनेमाच्या सुरुवातीला ‘सर्व पात्रे कल्पित आहेत’ हेच वाचत ही मुले मोठी झाली. अँडरसनला खोटेपणा सुचवायचा नाही. तुम्ही काय लिहाल?

संस्कृतवाचक
धातू ‘क्लृप्’. अर्थ जुळणे, रचणे, घडवणे. कल्पित म्हणजे घडवलेला, आणि तुम्हाला नेमके तेच म्हणायचे आहे. खोटेपणाचा वास ‘कपोलकल्पित’मुळे चिकटला. चुकीचा वापर रूढ झाला म्हणून चांगला शब्द टाकून देऊ नये. मुलांना मूळ अर्थ सांगा, शब्द तोच ठेवा.

सत्तरीकर
मूळ अर्थ कोशात असतो, मुले बाहेर असतात. डॉक्टरांनी माझ्या वडिलांना ‘तुमचे दुखणे कल्पित आहे’ म्हटले तर धातू कोणता म्हणून ते विचारणार नाहीत, भांडायला उठतील. मी ‘मानलेला समुदाय’ लिहीन. मानलेला भाऊ खोटा नसतो. रक्ताचे नाते नाही हे दोघांनाही ठाऊक असते, तरी अडीनडीला तोच आधी धावतो.

मडगावचा अभ्यासक
सत्तरीकरबाब, ‘मानलेला’ मला आवडला. खोटेपणाची शंका त्याने जाते, आणि ही शंका अँडरसनलाही छळत होती. राष्ट्रवादाचाच दुसरा अभ्यासक अर्नेस्ट गेल्नर याने राष्ट्रवाद मुळात नसलेली राष्ट्रे ‘रचतो’ अशा अर्थाचे लिहिले होते. त्यावर अँडरसनचा आक्षेप असा की गेल्नर घडवण्याला बनावटपणाशी जोडतो आणि जणू कुठेतरी अस्सल समुदायही आहेत असे धरून चालतो. समोरासमोर ओळख असलेल्या गावापलीकडचा प्रत्येक समुदाय मनातच धरावा लागतो. फरक असतो तो कशा रीतीने धरला याचा.

पण मानलेल्या भावाचा चेहरा आपण पाहिलेला असतो. इथे सगळा मुद्दा कधीच न भेटणाऱ्या माणसांचा आहे. अँडरसनने वर्तमानपत्राचे उदाहरण घेतले ते यासाठीच. पहिल्या पानावर दुष्काळ, मंत्र्याचे भाषण, खून आणि क्रिकेट शेजारी शेजारी असतात. त्यांचा एकमेकांशी संबंध काय? वर छापलेली तारीख, एवढाच. दुसऱ्या दिवशी तो अंक रद्दी होतो, म्हणून सगळ्यांनी तो त्याच सकाळी वाचायचा. वाचणारा एकटाच वाचतो, पण हेच पान या घटकेला हजारो घरांत उघडले आहे याची त्याला खात्री असते. बसमध्ये शेजाऱ्याच्या हातात तोच अंक दिसला की ती खात्री पक्की होते.

म्हापशेकर
आमच्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. निम्मे लोक कुवेत आणि लंडनला, काहींना मी पाहिलेलेही नाही. त्याला आम्ही ‘आभासी समुदाय’ म्हणतो. हाच शब्द चालेल की.

फोंड्याची शिक्षिका
नाही हो, ‘आभासी’ने पुन्हा ‘खरा नाही’वरच येतो. आणि तुमच्या ग्रुपमध्ये नावांची यादी उघडून पाहता येते. देशाची तशी यादी कुणी वाचत नाही.

पेडण्याची वाचक
दादा, छापील वाचनाने आपलेपण येते हे खरे, पण गोव्यात ते इतके सरळ झाले नाही. पणजीतून १९६२ साली ‘गोमन्तक’ सुरू झाला, तो गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूचा. मडगावातून १९६३ साली ‘राष्ट्रमत’ आला, तो विरोधातला. दोन्ही मराठीतच! उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर ‘राष्ट्रमत’मध्ये मराठीतच येई. एकच छापील भाषा वाचून एक माणूस स्वतःला महाराष्ट्राचा समजतो, दुसरा गोव्याचा. मग भाषेने काय घडवले?

मडगावचा अभ्यासक
प्रश्न अगदी वर्मावर आहे. अँडरसनच्या मांडणीत छापखाना आणि बाजार मिळून एका भाषेचे वाचक तयार करतात आणि त्यातून राष्ट्राची कल्पना धरता येते. धरलीच जाईल असे तो म्हणत नाही. मराठी वाचनाने गोव्यातल्या हिंदूंना एक मोठा वाचकवर्ग दिला. त्याची हद्द तेरेखोलला संपते की मुंबईपर्यंत जाते, हे भाषेने ठरवले नाही. ते त्या दोन दैनिकांच्या अग्रलेखांतून रोज भांडले गेले.

आणि ‘राष्ट्रमत’ मराठीत का, याचे उत्तर व्यवहाराचे आहे. ज्यांची मते वळवायची होती ते लोक मराठी शाळांत शिकलेले होते. देवनागरी कोंकणीला तेव्हा दैनिक पोसेल एवढा वाचक नव्हता. ‘सुनापरान्त’ निघाला तो १९८७ मध्ये.

कुडतरीकर
तुम्ही सगळे हिंदू घरांचेच बोलता. आमच्या घरी पाय, म्हणजे वडील, रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचायचे, देवनागरीचे एक अक्षर त्यांना येत नव्हते. ‘राष्ट्रमत’मध्ये काय छापून आले हे आमच्या वाड्यावर कळायचे ते कुणीतरी वाचून दाखवल्यावर किंवा सभेत. कोंकणी एक, पण लिप्या दोन, म्हणून वाचकही दोन. तरी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण नको म्हणणाऱ्या ‘दोन पानां’च्या चिन्हावर मते पडली ती दोन्हीकडून. ते जुळवले कुणी? छापखान्याने नाही. उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी आणि सभांनी.

पेडण्याची वाचक
आमच्या विलीनीकरणवाल्या बाजूला ‘फूल’ हे चिन्ह होते आणि आमच्याही गावात गाणी होती. ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते, ‘फुला’ला १,३८,१७०. हरलेली मते थोडीथोडकी नव्हती, हे आज कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. त्या मतांमागेही मराठी वाचनातून आलेला आपलेपणाच होता. तो खोटा होता असे मी ऐकून घेणार नाही.

कुडतरीकर
खोटा कोण म्हणतो, बाय? माझे म्हणणे एवढेच की कागदाशिवायही तो होतो.

मडगावचा अभ्यासक
होतो. पण गाणेसुद्धा, एकाच वेळी दुसऱ्या गावात तेच गायले जाते आहे हे ठाऊक असेल तरच ओळखीच्या माणसांपलीकडे पोचते. राष्ट्रगीताबद्दल अँडरसन हेच सांगतो. मात्र निरक्षर श्रोत्याला वाचून दाखवलेला अंक आणि एकट्याने वाचलेला अंक यांतला फरक त्याच्याकडे पुरेसा उलगडलेला नाही, हे मला मान्य.

सत्तरीकर
माझ्या घरी अजूनही पेपर आला की आधी निधनाचे पान. आई गाव, वाडा, सासर, माहेर सगळे वाचते आणि म्हणते, ‘ही आमच्या केऱ्याच्या शेणव्यांची सून.’ गोव्यात अनोळखी असा माणूस कितीसा? दोन नावे मागे गेलो की ओळख निघते.

फोंड्याची शिक्षिका
पण काणकोणच्या निधनाची बातमी तुमच्या आई पूर्वी वाचत होत्या का? सोयरीक नसलेल्या तालुक्यातला माणूस गेला तरी तो ‘आपला’ म्हणून वाचायचा, ही सवय त्या पानानेच लावली असेल.

संस्कृतवाचक
‘समुदाय’ही तपासा. ‘समाज’ लिहू नका. गोव्यात ‘आमचा समाज’ म्हटले की जात.

सत्तरीकर
त्यासाठीच मी ‘मानलेला समुदाय’ म्हणालो होतो.

संस्कृतवाचक
आणि मी ‘कल्पित’. त्याखाली एक टीप द्या, पुरे.

म्हापशेकर
कुडतरीकरबाब, बुयांव यांची ती गाणी तुमच्याकडे लिहून ठेवलेली आहेत का? रोमीत असली तरी चालतील, मी देवनागरीत उतरवून घेईन.