मदत हवी आहे: वय 27, सगळी बचत शेअरमध्ये टाकणं वेडेपणा आहे का?

मानेवाडा_वाला: नागपुरात सरकारी कंपनीत आहे, हातात 50 हजार येतात, जमा फक्त 4 लाख आणि तेही एफडीत. बाबा म्हणतात शेअर म्हणजे सट्टा, ऑफिसातला एक जण म्हणतो की तुझा पगार हाच एक मोठा बॉन्ड आहे म्हणून सगळं इंडेक्स फंडात टाक. हे पगार म्हणजे बॉन्ड काय प्रकरण आहे?

सावजी_रस्सा: काही नाही रे, 30 वर्षं थांबलास तर रिस्क उरतच नाही, बिनधास्त टाक. कोणता फंड पाहिजे ते सांग.

जुना_हिशेबनीस: रस्साभाऊ, फंड त्याने विचारलाच नाही. आणि जास्त वर्षं थांबलं की रिस्क जाते हेही अर्धंच खरं, सरासरी परतावा स्थिरावतो पण शेवटी हातात किती येतील त्याचा पल्ला वर्षागणिक रुंदच होतो, अर्थशास्त्रज्ञ सॅम्युअलसनने 1960 च्या दशकातच हे दाखवलंय.
खरं कारण पगार. सरकारी कंपनीचा पगार बॉन्डच्या व्याजासारखा ठरल्याप्रमाणे येत राहतो, म्हणून त्याला बॉन्ड म्हणतात. वर्षाला 6 लाख, अजून 33 वर्षं, महागाई सोडून 4 टक्क्यांनी आजची किंमत काढली तर 1 कोटी 9 लाखाच्या आसपास येते. म्हणजे तुझी एकूण संपत्ती 1 कोटी 13 लाख, त्यातले 4 लाखच तुला हलवता येतात. एकूणच्या 40 टक्के शेअरमध्ये असावेत असं तुझं मत असेल तर 45 लाख लागतील, तू सगळे 4 लाख टाकलेस तरी 4 टक्के पण होत नाहीत. 55 व्या वर्षी पगाराचे 27 लाख उरतील, जमा 73 लाख धरू, एकूण 1 कोटी, तेव्हा तेच 40 टक्के म्हणजे जमा रकमेच्या 55 टक्के. म्हणून वयासोबत शेअर कमी करत जायचे.

मिहान_नाइटशिफ्ट: मग मी पण सगळं टाकू का, मी आयटीत आहे, बाजार पडला की आमच्याकडे आधी बेंच आणि मग नारळ 😅

जुना_हिशेबनीस: तुमचं गणित उलटू शकतं. पगार बेभरवशाचा म्हणून 10 टक्क्यांनी किंमत काढा, तेवढ्याच पगाराचे 57 लाखच उरतात. त्यातला अर्धा बाजारासोबत हलतो धरलं तर साडेअठ्ठावीस लाखांचे शेअर तुमच्याकडे न घेताच आहेत, आणि जमा 4 लाख धरून एकूण 61 लाखांचे 40 टक्के होतात साडेचोवीस, म्हणजे आधीच जास्त झाले. वरून कंपनीचेच शेअर मिळत असतील तर आधी ते विका. अर्धा की पाव, हे मात्र कोणी ठाम सांगू शकत नाही, सगळा घोळ तिथेच आहे.

काटोलचा_पोट्टा: अन् ज्याच्या घरी संत्र्याची बाग हाय त्यानं काय कराव? आमच्या बाबांचा पगार आंबिया बहार ठरवते, गळ झाली की खलास.

सावजी_रस्सा: बाग शेअरबाजारासोबत थोडीच पडते बे.

जुना_हिशेबनीस: हे मात्र रस्साभाऊ बरोबर बोलले. पण गळ झाली त्याच वर्षी बाजारही पडलेला असला तर खायला काय, म्हणून बागवाल्यांनी एक वर्षाचा खर्च एफडीतच ठेवावा.

मानेवाडा_वाला: माझं पुढच्या मे मध्ये लग्न आहे, 2 लाख त्यालाच लागतील.

जुना_हिशेबनीस: हे आधी सांगायचं नं राजा! पगाराचा बॉन्ड विकून हॉलवाल्याला पैसे देता येत नाहीत. ते 2 लाख एफडीतच राहू दे, उरलेल्यातून तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढ, मग काय राहतं ते बघ.

मानेवाडा_वाला: राहतात साधारण एक लाख. बाबांना एवढंच सांगतो.