मशीन विकलं, मग नफा किती? असेट रजिस्टर पडताळतानाचे अनुभव

जुनं मशीन, गाडी, कॉम्प्युटर विकला की नफा-तोटा काढणं दोन ओळींचं काम वाटतं. प्रत्यक्षात रजिस्टर एक आकडा सांगतं, टॅली दुसरा आणि ऑडिटर तिसरा. तुम्ही हा आकडा कसा पडताळता? नियम बहुतेकांना ठाऊक आहेत. गाडी कुठे अडली आणि कशावरून कळलं, ते लिहा.

भोसरीकर

आमच्याकडचं एक मिलिंग मशीन. १ जुलै २०१८ ला १२ लाखांना घेतलेलं, जीएसटीचं क्रेडिट वेगळं घेतलेलं. कंपनी कायद्याच्या शेड्यूल २ प्रमाणे १५ वर्षं आयुष्य, ५ टक्के म्हणजे ६०,००० शिल्लक किंमत, सरळ रेषेने घसारा. वर्षाला ७६,००० बसतो. ३० सप्टेंबर २०२४ ला ते ८ लाख अधिक जीएसटीला गेलं, दलाल आणि क्रेनचे मिळून २०,००० लागले.

आधीच्या माणसाने मार्च २०२४ पर्यंतचा साचलेला घसारा ४,३७,००० धरला होता. म्हणजे पुस्तकी किंमत ७,६३,००० आणि नफा ३७,०००. दलाली आणि क्रेनचे पैसे 'इतर खर्चा'त टाकलेले. आणि रजिस्टरमध्ये काय? ती ओळ जशीच्या तशी, फक्त शेराच्या रकान्यात 'विकले'. विक्रीची तारीख कोरी. त्यामुळे वर्षअखेरीला शीटने त्या मशीनवर पूर्ण ७६,००० घसारा काढला आणि तो पोस्टही झाला!

कळलं ते नफ्याच्या आकड्यावरून नव्हे. मशिनरीचं लेजर आणि रजिस्टरची बेरीज यांच्यात बरोबर १२ लाखांचा फरक आला तेव्हा. गोल आकड्याचा फरक दिसला की मी हल्ली आधी विक्रीच शोधतो.

दुरुस्त हिशोब असा झाला: सप्टेंबरपर्यंत ७५ महिने, घसारा ४,७५,०००, पुस्तकी किंमत ७,२५,०००. हातात निव्वळ ७,८०,०००. नफा ५५,०००. पडताळायला शीटमध्ये हे टाकलंय (C खरेदी, D किंमत, E शिल्लक किंमत, F वर्षं, H विक्री):

```
=MIN(D2-E2,(D2-E2)/F2*DATEDIF(C2,H2+1,"m")/12)
```

`MIN` काढू नका. आयुष्य संपलेल्या वस्तूवरही शीट घसारा काढत राहतं आणि पुस्तकी किंमत ५ टक्क्यांच्या खाली घसरते.

हिशेबी_ताई

एक विचारू का? ३७,००० ऐवजी ५५,००० आला खरा, पण २०,००० खर्च त्याच्यातूनच वजा झालाय आणि एप्रिल ते सप्टेंबरचा ३८,००० घसाराही वाढला. म्हणजे शेवटी वर्षाचा नफा तोच ना? मग एवढा आटापिटा कशाला?

भोसरीकर

ताई, नुसता सहा महिन्यांचा घसारा राहिला असता तर तुमचं अगदी बरोबर. घसारा कमी, तेवढाच विक्रीचा नफा कमी; खालची बेरीज १७,००० च राहते. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला येत नाही. आमच्याकडे विकलेल्या मशीनवर पूर्ण वर्षाचा घसारा लागला, ते ७६,००० मात्र निव्वळ जास्तीचे. बेरीज उणे ५९,००० झाली होती.

कर_सल्लागार

तुम्ही सगळे उगाच घोळ घालताय. आयकरात एकाच दराच्या वस्तूंचा मिळून एक ब्लॉक असतो. विकलेली रक्कम ब्लॉकमधून वजा करा, संपलं. एकेका मशीनचा नफा-तोटा काढायचाच नसतो.

निवृत्त_ऑडिटर

आयकरापुरतं बरोबर आहे, तेही ब्लॉकमध्ये वस्तू आणि शिल्लक उरली असेल तर. ब्लॉक रिकामा झाला किंवा विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त झाली, तर कलम ५० लागतं. पण इथे प्रश्न कंपनीच्या पुस्तकांचा आहे. तिथे वस्तूनिहाय नफा-तोटा काढावाच लागतो. करविवरणात पुस्तकातला ५५,००० नफा वजा करून आयकराचा घसारा वेगळा धरतात, एवढाच दोघांचा संबंध.

मी पडताळणी उलट्या बाजूने करायचो. स्थिर मालमत्तेच्या टिपणीत 'वजा' असे दोन रकाने असतात: एक मूळ किमतीचा, एक साचलेल्या घसाऱ्याचा. भोसरीकरांच्या बाबतीत १२,००,००० आणि ४,७५,०००. दोन्हींतला फरक ७,२५,०००, त्यात नफ्या-तोट्याच्या पत्रकातला ५५,००० मिळवा: ७,८०,०००. रोख प्रवाह पत्रकात मशीन विक्रीचा आकडा हाच हवा. तिथे ९,२४,००० दिसला तर समजा जीएसटीही विक्रीत मिसळलाय. घसाऱ्याच्या 'वजा' रकान्यात काहीच नसेल, तर साचलेला घसारा बाहेर काढलेलाच नाही.

आणखी एक. मशीनला नंतर बसवलेली जोडणी रजिस्टरमध्ये वेगळ्या क्रमांकावर असते. एका कारखान्यात लेथ विकलं गेलं, पण त्याच्यावर नंतर बसवलेला डिजिटल रीडआउट कागदावर पुढे कित्येक वर्षं घसारा खात होता. प्रत्यक्ष शोधायला गेलो तर शॉप फ्लोअरवर त्याचा मागमूस नाही. विक्रीचं बिल हातात घेऊन त्याच जागेच्या, त्याच मशीनच्या सगळ्या ओळी फिल्टर लावून बघा. आणि डबल शिफ्ट चालवलेल्या वर्षांचा दीडपट घसारा शीट धरतंय का, तेही. वरच्या सूत्रात तो नाही.

सोसायटी_सेक्रेटरी_ठाणे

आमच्या सोसायटीने जुना जनरेटर भंगारात दिला. मूळ बिलच सापडत नाही. ताळेबंदात 'प्लांट अँड मशिनरी' असा एकच आकडा, त्यावर दरवर्षी घटत्या पद्धतीने घसारा. लिफ्ट, पंप, जनरेटर सगळं त्यातच. आता त्यातला जनरेटर किती, हे कुणी सांगेल का? कमिटीतले एक काका म्हणतात आलेले पैसे सरळ 'इतर उत्पन्न' दाखवा.

निवृत्त_ऑडिटर

काकांचं सोपं आहे, पण मग जनरेटरचा अंश ताळेबंदात तसाच राहतो. घेतल्याचं वर्ष तरी सापडतं का बघा. जुन्या वार्षिक सभेचा अहवाल, त्या वर्षीचा 'वाढ' रकाना. तो आकडा मिळाला की तोच दर लावून आजपर्यंत आणता येतं. नाहीच मिळालं तर अंदाज बांधावा लागेल आणि तो कमिटीच्या ठरावात लिहून ठेवावा लागेल.

आयटी_अ‍ॅडमिन_पुणे

आमच्याकडे विक्रीच दिसत नव्हती! नवे लॅपटॉप ५ लाखांचे, जुन्यांच्या बायबॅकचे ३०,००० वजा, म्हणून नवे ४,७०,००० ला पडले अशी नोंद. जुने लॅपटॉप रजिस्टरमध्ये ५ टक्के किमतीवर ठाण मांडून. मी सिरीयल नंबर जुळवायला बसलो आणि अकाउंट्सला मेल केला की यांतली यंत्रं ऑफिसात नाहीत, तेव्हा उलगडा झाला. जुन्यांची पुस्तकी किंमत २४,००० होती, म्हणजे नफा ६,०००. आणि नव्यांची किंमत ३०,००० ने वाढवावी लागली.

कर_सल्लागार

गाडीचं मात्र ध्यानात ठेवा. जुन्या गाडीवर जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं नसेल, तर कर फक्त मार्जिनवर लागतो, आणि ते मार्जिन आयकराच्या पुस्तकी किमतीवरून काढतात. कंपनीच्या रजिस्टरचा नफा तिथे चालत नाही.

हिशेबी_ताई

हे पटलं. आमच्या गाडीवर पुस्तकात नफा आणि आयकराच्या हिशोबात मार्जिन उणे, असं झालं होतं. जीएसटी शून्य आला तेव्हा साहेबांनी मलाच दोनदा विचारलं.

आता माझी अडचण. बिल ३० सप्टेंबरचं, पण मशीन गेटबाहेर पडलं ४ ऑक्टोबरला. गेटपास माझ्यासमोर आहे. घसारा कुठपर्यंत?

भोसरीकर

आम्ही बिलाची तारीख धरतो.

निवृत्त_ऑडिटर

मी आधी करार मागेन. ३० तारखेला मशीनचा ताबा आणि जोखीम खरेदीदाराकडे गेली असेल, तर तेव्हापासून घसारा बंद. वाटेत मशीन पडलं असतं तर भुर्दंड कुणाला बसला असता, हे त्यात लिहिलंय का? महिन्याने घसारा काढत असाल तर चार दिवसांसाठी पूर्ण ऑक्टोबर धरायचा की नाही, हे तुमच्या धोरणात असायला हवं. मागच्या विक्रीला काय केलं होतं?

हिशेबी_ताई

मागच्या वेळी विक्रीचा महिना पूर्ण धरला होता, त्याच्या आधी अजिबात नाही. करार शोधते.