अरबी बातम्यांचे मथळे कसे वाचायचे? पुस्तक किंवा साइट सुचवा

वाचनवेडी
अरबीचे दोन वर्षांचे वर्ग केले. शब्दकोश घेऊन बातमी वाचते, पण मथळ्याशीच अडते. परवा ‘रफ़्अ सिअर अल-फ़ाइदा’ दिसलं. व्याजदर आणि वाढ एवढं कळलं. कुणी वाढवला, केव्हा, काही पत्ता नाही.

मस्कतकर
मी इथे बारा वर्षं आहे. दुकानदारांशी बोलत राहा, आपोआप येतं.

वाचनवेडी
दादा, बोलण्याचं नाही, वर्तमानपत्राचं विचारतेय.

सदाशिव_पेठ
सोपं आहे. मथळ्यात क्रियापद गाळतात, ते मनात घालून वाचा.

बातमीदारीण
सदाशिवराव, नेहमी नाही गाळत. मी अरबी बातम्यांचे अनुवाद करते. 6 मार्च 2024 ला इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर एकदम सहा टक्क्यांनी वाढवले. असा मथळा साधारण ‘अल-मर्कज़ी अल-मिस्री यर्फ़अ…’ असा येतो. इथे क्रियापद आहे, वर्तमानकाळात, घटना होऊन गेलेली असली तरी. गाळलाय तो ‘बँक’ हा शब्द. ‘मध्यवर्ती’ हे विशेषण एकटंच उभं आहे.

खाली बातमीचं पहिलं वाक्य मात्र भूतकाळी क्रियापदाने सुरू होतं: ‘रफ़अ अल-बन्क…’, म्हणजे बँकेने वाढवले. तुमचा घोळ इथेच झालाय. स्वरचिन्हं छापत नाहीत, त्यामुळे ‘रफ़अ’ हे क्रियापद आणि ‘रफ़्अ’ हे नाम हुबेहूब सारखे दिसतात. पुढचा शब्द पाहा. बँक किंवा सरकार आलं तर बहुधा क्रियापद. दर, किंमत असं आलं तर बहुधा नाम, ‘व्याजदरात वाढ’.

आणि ‘रफ़्अ’ला ‘इर्तिफ़ाअ’ समजू नका. पहिल्यात कुणीतरी भाव वाढवतो, दुसऱ्यात भाव वाढतात. तसंच ‘ख़फ़्द’ म्हणजे कपात आणि ‘इन्ख़िफ़ाद’ म्हणजे घसरण. म्हणून तेलाच्या बाजाराला ‘इर्तिफ़ाअ’, सरकारने पेट्रोल महाग केलं की ‘रफ़्अ’. मी सुरुवातीला एकदा ‘सरकारने भाव उतरवले’ असं लिहून बसले होते, बाजार आपणहून उतरला होता. संपादकाने छापण्याआधी पकडलं.

मस्कतकर
‘वॉशिंग्टन तफ़्रिद उक़ूबात’ मध्ये ‘त’ का? ‘तू लादतोस’ वाटतं.

बातमीदारीण
शहरांची नावं अरबीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती लादते’. अर्थ अमेरिकन सरकार निर्बंध लादतं. आणि नावापुढे नुसता अपूर्णविराम आला की ‘म्हणाले’ समजा. ‘मसादिर:’ म्हणजे सूत्रांच्या हवाल्याने.

वाचनवेडी, पुस्तकापेक्षा हे करा: अल-जझीराच्या किंवा बीबीसी अरबीच्या साइटवर रोज पाच मथळे घ्या, प्रत्येकाखालचं पहिलं वाक्य वहीत शेजारी लिहा. मथळ्यातलं नाम तिथे बहुतेकदा क्रियापद होऊन भेटतं.

सदाशिव_पेठ
पण ‘रफ़्अ सिअर’ कर्मणी भूतकाळही होऊ शकेल ना? ‘दर वाढवला गेला’. अक्षरं तीच.

बातमीदारीण
व्याकरणाने होऊ शकेल. मी मथळ्यात नामच वाचते, पण नुसत्या तीन अक्षरांवरून सिद्ध करून देता येणार नाही.

वाचनवेडी
आजचे पाच घेतले. त्यातल्या एकात ‘रफ़्अ’ आणि पुढे ‘अल-उक़ूबात’ आहे. निर्बंध वाढवले?

बातमीदारीण
नाही, उठवले! निर्बंधांच्या बाबतीत ‘रफ़्अ’ म्हणजे उचलून काढणं.