मदत हवी आहे: पीडीएफमधल्या मराठी स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये आणल्या की अक्षरं फुटतात

भूगोलवाली

नमस्कार. मी एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. यंदा एस.वाय.ला हवामानशास्त्र माझ्याकडे आलंय. हा विषय आधी शिकवणारे सर निवृत्त झाले. त्यांनी त्यांच्या ५८ स्लाइडची पीडीएफ मला दिली आणि हवे ते बदल कर म्हणाले. मूळ पीपीटी त्यांच्या जुन्या लॅपटॉपबरोबर गेली. मला पावसाचे आकडे अलीकडच्या वर्षांचे घालायचे आहेत आणि आमच्या कॉलेजच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींच्या दोन-तीन स्लाइड मध्ये घुसवायच्या आहेत, म्हणून पॉवरपॉइंट हवं.

एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून फाइल काढली. लांबून पाहिलं तर हुबेहूब. जवळून पाहिलं तर सातव्या स्लाइडचं शीर्षक "वार्षिक पर्जन्यमान" होतं, ते "वािषर्क पजर्न्यमान" झालंय. काही स्लाइडवर मराठीऐवजी "Hkkjr" अशी इंग्रजी अक्षरं आहेत. प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत आहे, त्यामुळे एक शब्द वाढवला की ओळ पुढच्या ओळीवर चढते. तक्ते म्हणजे नुसत्या रेघा आणि सुटे आकडे. आलेखावर क्लिक केलं तर एकेक खांब वेगळा निवडला जातो, Edit Data येतच नाही. तास सुरू व्हायला १२ दिवस आहेत. दुसरा चांगला कन्व्हर्टर आहे का, की मुळातच काही चुकतंय?

निवृत्त_नाना

ताई, यात अवघड काही नाही. File मध्ये जाऊन Save As करा आणि खाली प्रकार PDF निवडा. मी गृहनिर्माण संस्थेच्या सभेची सादरीकरणं अशीच करतो, अक्षर जराही हलत नाही.

भूगोलवाली

नाना, धन्यवाद, पण माझं उलट आहे. माझ्याकडे पीडीएफच आहे, तिची पीपीटी करायची आहे.

संगणकमित्र

फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. ज्या फॉन्टमध्ये सरांनी टाइप केलं तो तुमच्या मशीनवर नाही. तो इन्स्टॉल करा, फाइल पुन्हा उघडा, सगळं सरळ दिसेल. आमच्या ऑफिसात कृतिदेवच्या फाइलींना हाच उपाय करतो.

अक्षरजुळणी

मी वीस वर्षं डीटीपी करतोय, रोज याच्याशीच गाठ असते. संगणकमित्र म्हणतात ते तुमच्या काही स्लाइडना लागू आहे, उरलेल्यांना नाही. तुमच्या फाइलमध्ये दोन वेगळे आजार आहेत. आधी एक करून बघा. मूळ पीडीएफ अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, File > Properties > Fonts मध्ये कोणते फॉन्ट दिसतात ते सांगा. मग सातव्या पानावरचं शीर्षक आणि "Hkkjr" असलेल्या पानावरची एक ओळ पीडीएफमधूनच कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा.

भूगोलवाली

केलं. Mangal आणि Kruti Dev, दोन्हींपुढे Embedded Subset लिहिलंय. नोटपॅडमध्येही "वािषर्क" असंच येतं आणि दुसरी ओळ इंग्रजी अक्षरांतच येते. म्हणजे कन्व्हर्टरचा दोष नाही?

अक्षरजुळणी

नाही. नोटपॅडमध्ये जे येतं तेच कुठल्याही कन्व्हर्टरच्या हाती लागतं. दहा साइट बदलल्या तरी हेच.

पीडीएफ म्हणजे कागदावरची छपाई समजा. कोणता आकार कुठे उमटवायचा एवढंच तिला ठाऊक असतं. "वार्षिक" छापताना आकार डावीकडून असे येतात: व, काना, पहिली वेलांटी, ष, त्याच्या डोक्यावर रफार, मग क. आपण टाइप करतो तेव्हा र् हा ष च्या आधी असतो आणि वेलांटी ष च्या नंतर. पीडीएफ परत वाचताना आकार ज्या क्रमाने उमटले त्याच क्रमाने अक्षरं मिळतात, आणि "वािषर्क" तयार होतं. मंगल इन्स्टॉल असला तरी काही बदलणार नाही, कारण फॉन्ट बरोबर आहे, अक्षरांचा क्रम चुकला आहे.

कृतिदेवचं वेगळं. त्यात "भारत" मुळातच Hkkjr असं टाइप केलेलं असतं, फॉन्ट त्याला मराठीचा वेश देतो. पीडीएफमध्ये फॉन्टचे वापरलेले तेवढेच आकार असतात, Embedded Subset म्हणजे तेच. कन्व्हर्टरने केलेल्या पीपीटीत तेही येत नाहीत. इथे फॉन्ट टाकला की स्लाइड वाचता येते. पण आता तरी ती युनिकोडमध्ये आणा. कॉपी केलेला मजकूर कृतिदेव ते युनिकोड परिवर्तकात टाका, वेलांटी-रफार तो जागच्या जागी बसवतो. दिसायला ह्या स्लाइड जास्त बिघडलेल्या वाटतात, पण त्यांतलं एकही अक्षर हरवलेलं नाही. मंगलवाल्या जवळपास बरोबर दिसतात आणि त्याच जास्त फसवतात. वर्गात पडद्यावर चूक दिसेपर्यंत कळत नाही.

गणित_२प

माझंही असंच. माझ्याकडे लाटेकच्या बीमरमध्ये केलेली पीडीएफ आहे, मूळ टेक फाइल नाही. ३८ फ्रेम आहेत, पण प्रत्येक टप्पा वेगळं पान झाल्यामुळे पानं ११२. पीपीटी केली तर ११२ स्लाइड आल्या. समीकरणांची तर चाळण झालीय, वर्गमुळाची आडवी रेघ एकीकडे, घातांक दुसरीकडे. काय करावं?

अक्षरजुळणी

पानाच्या तळाशी १२/३८ असा फ्रेम क्रमांक असेल. तोच क्रमांक जितक्या पानांवर आहे त्यांतलं शेवटचं ठेवा, आधीची त्याच्याच अर्धवट अवस्था असतात. फक्त एखाद्या फ्रेममध्ये मजकूर येऊन जात असेल तर शेवटच्या पानात तो नसतो, तेवढं नजरेखालून घाला. समीकरण जोडत बसू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये Insert > Equation ला लाटेक समजतं, तिथे नव्याने लिहा. बाकी तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचं मागे पडेल.

संगणकमित्र

कृतिदेवबद्दल बोललो ते सगळ्या स्लाइडना लागू नाही, मान्य. पण मग मंगलसाठी शोधा-बदला करून वेलांटी पुढे आणि रफार मागे सरकवला तर? छोटा प्रोग्राम लिहिता येईल.

अक्षरजुळणी

येईल, मी लिहिलाही होता. वेलांटी बऱ्यापैकी जमते. अडतं ते काही जोडाक्षरांच्या आकारांपुढे मूळ अक्षरच नोंदलेलं नसतं तिथे. तिथे रिकामी चौकट येते किंवा काहीच येत नाही, आणि नसलेलं अक्षर प्रोग्राम कुठून आणणार? म्हणून मी मजकूर उचलतच नाही. पानाचं चित्र काढतो आणि चित्रावरून अक्षरं ओळखून घेतो. चित्रात रफार दिसतो तिथेच असतो. पॉपलर आणि टेसरॅक्ट, त्याच्या मराठी फाइलसकट, घेतलेले असतील तर:

```
pdftoppm -r 300 -png mausam.pdf pan
tesseract pan-07.png pan-07 -l mar+eng
```

pan-07.txt मध्ये मजकूर मिळेल. कमांड नको असतील तर पानाचं चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून Open with > Google Docs करा, तिथेही मराठी ओळखलं जातं. दोन्हीकडे आकडे मात्र मूळ पानाशी ताडून बघाच. १ चा ९ झाला तर वाक्य वाचून कळत नाही.

आता मांडणी. त्या फुटक्या चौकटी जोडू नका, त्यात दुप्पट वेळ जातो. शुद्ध केलेला मजकूर वर्डमध्ये घ्या, स्लाइडच्या शीर्षकाला Heading 1 आणि मुद्द्यांना Heading 2 द्या, फाइल जतन करून बंद करा. मग पॉवरपॉइंटमध्ये New Slide > Slides from Outline. शीर्षक शीर्षकाच्या जागी, मुद्दे मुद्द्यांच्या जागी पडतील आणि नंतर रंगसंगती एकाच ठिकाणी बदलता येईल. कन्व्हर्टरच्या फाइलमध्ये Outline View उघडून बघा, रिकामं दिसेल. पॉवरपॉइंटच्या लेखी त्या स्लाइडना शीर्षकच नाही.

भूगोलवाली

उघडलं, खरंच रिकामं आहे! मोजदादही केली. ३४ स्लाइड मजकुराच्या, त्यांतल्या ९ कृतिदेवमध्ये. नकाशे ११, तक्ते आणि आलेख मिळून १३. आलेखांचं काय करू? सरांनी खांबांवर आकडे लिहिलेले नाहीत.

अक्षरजुळणी

नकाशे बदलायचे नसतील तर ते पानाचं चित्र म्हणूनच लावा. त्याआधी Design > Slide Size बघा. पीडीएफचं पान २५.४ × १९.०५ सेंमी असेल तर सरांनी ४:३ मध्ये केलंय. १६:९ ठेवलंत तर दोन्ही बाजूंना मोकळ्या पट्ट्या येतील किंवा नकाशा ताणला जाईल. ताणलेला नकाशा भूगोलाच्या तासाला दाखवणं बरं नाही.

आलेखामागचा तक्ता पीडीएफमध्ये गेलेलाच नसतो, गेले ते फक्त आयत. पण तुमची फुटकी पीपीटी इथे कामाला येते. एखादा खांब निवडा, Shape Format मध्ये त्याची उंची सेंटिमीटरमध्ये दिसते. उभा अक्ष ० ते ८०० मिमी आणि त्या रेघेची उंची ८ सेंमी असेल तर १ सेंमी म्हणजे १०० मिमी. जुलैचा खांब ६.३५ सेंमी भरला तर ६३५ मिमी. अक्षाची रेघ नेमकी शून्यापासून ८०० पर्यंतच आहे ना, एवढं पाहून घ्या. जुना आलेख पुन्हा उभा करायला हे पुरे. नवे आकडे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींतूनच घ्या, मोजलेले आकडे नोंदी म्हणून देऊ नका.

भूगोलवाली

पाच दिवसांनी पुन्हा लिहितेय. कृतिदेवच्या ९ स्लाइड एका दुपारी झाल्या. मंगलच्या २५ पैकी १९ झाल्या. ओळखण्यात "घ" चा "ध" चार ठिकाणी झाला होता, आणि एका तक्त्यात "१२०" चं "९२०" झालं होतं. तुम्ही सांगितलं नसतं तर तसंच गेलं असतं. आलेखांपैकी तीन मोजून काढले. एकाचे बारा महिने मिळून येणारी बेरीज सरांनी खाली लिहिलेल्या वार्षिक आकड्यापेक्षा ४ मिमीने कमी आली, तेवढं चालेल असं धरलं.

अडकलेय ती बाविसाव्या स्लाइडवर. मान्सूनची अरबी समुद्राची शाखा आणि बंगालच्या उपसागराची शाखा यांचे बाण एकामागून एक यायचे, सर बोलत बोलत दाखवायचे. पीडीएफमध्ये सगळे बाण एकदम एकमेकांवर बसलेत, दोन नावं तर खाली झाकली गेलीत. कोणता बाण कधी यायचा हे फाइलमधून कळायचा काही मार्ग आहे का? आणि सरांच्या स्लाइडखालच्या टिपा?

अक्षरजुळणी

टिपा नाहीत. Notes Pages म्हणून छापली असती तर पानाच्या खाली दिसल्या असत्या. हालचालीचा क्रमही पीडीएफमध्ये उतरत नाही. झाकलेली नावं मात्र सापडतील. कन्व्हर्टरच्या पीपीटीत ती स्लाइड उघडा, Home > Arrange > Selection Pane घ्या आणि वरचे बाण डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून एकेक लपवा. यादीत सर्वांत खाली असलेला आकार आधी काढलेला असण्याची शक्यता जास्त, पण तोच पडद्यावर आधी यायचा असं धरू नका.

भूगोलवाली

नावं सापडली, एक "सोमालिया" आणि एक "मादागास्कर". बाणांचा क्रम सरांनाच फोन करून विचारते.

गणित_२प

ताई, क्रम कळला की इथे लिहा. आणि अक्षरजुळणी, बीमरच्या आकृत्या पीपीटीत चित्र म्हणून न आणता रेघा सुट्या ठेवून आणता येतात का? वेगळा धागा काढलाय, बघाल का?