मदत हवी आहे: स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशनचं कार्ड, नाव पुसलेलं, पात्र कोण?

माझ्याकडे डेसिफर कंपनीच्या १९९४च्या पत्त्यांच्या खेळातलं एक कार्ड आलंय, त्यावर एंटरप्राइजवरची एक बाई आहे पण नावाची पट्टी पूर्ण घासली गेलीय, फक्त खाली ‘इंजिनियर’ एवढं वाचता येतं.

फोटो भिंगाखाली नीट पाहिला. सोनेरी युनिफॉर्म, उंच कॉलर, कॉलरवर एक भरीव टिकली आणि शेजारी एक काळी, सोनेरी कडेची, म्हणजे लेफ्टनंट ज्युनियर ग्रेड. उंच कॉलर तिसऱ्या सीझनपासून आली म्हणून पहिले दोन सीझन मी सोडलेत. तिसऱ्या आणि चौथ्या सीझनचे इंजिन रूमचे सीन थांबवून थांबवून बघितले, सापडली नाही.

प्लेमेट्सच्या बाहुल्यांमधे ती मला दिसली नाही, आणि बाहुलीवर छापलेलं साल साच्याचं असतं त्यामुळे तिथून एपिसोड कळतही नाही. डीसीच्या कॉमिकमधे एक तशीच बाई आहे पण बिननावाची, आणि चित्रातल्या चेहऱ्यावर किती भरवसा ठेवायचा.

दुसरी अडचण अशी की मागे उभ्या असणाऱ्या कितीतरी पात्रांना नावं या खेळाच्या कार्डांनीच दिलीत, मालिकेत ती कधी उच्चारलीच नाहीत. त्यामुळे श्रेयनामावलीत शोधून उपयोग होईल असं वाटत नाही. कार्ड विकायचं नाहीये, किंमत नको, अल्बममधे बरोबर नाव लिहायचंय.

पाचव्या ते सातव्या सीझनमधे सोनेरी गणवेशातली, याच हुद्द्याची इंजिनियर बाई कुठल्या एपिसोडमधे जवळून दिसते, आणि तिचं नाव मालिकेतलं की कार्डावरचं?